सव्वानऊ की आठ पन्नास?

*मी ७९ वर्षांचा आहे. ठाण्याला पाचपाखाडीत मुलगा-सुनेबरोबर राहतो. नात ऐरोलीला नोकरी करते आणि नेरुळला मैत्रिणींबरोबर राहते. तिचा जन्म ठाण्यातलाच, फेब्रुवारी १९९८ च्या पहिल्या आठवड्यातला. दवाखान्याच्या कार्डावर वेळ रात्री ८:५०. ती वेळ घेऊन मी ओळखीच्या गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, सिंह लग्न आहे, मंगळ सातव्यात. वीसेक मिनिटं उशिरा झाली असती तर कन्या लग्न लागून मंगळ सहाव्यात गेला असता. माझ्या धाकट्या बहिणीला मंगळ होता. स्थळं यायची आणि पत्रिका बघून परत जायची. ती अविवाहितच गेली. आठवड्याने मी दुसऱ्या गुरुजींकडे गेलो आणि वेळ सांगितली सव्वानऊ. तीच पत्रिका आमच्या घरात आहे. पहिल्या गुरुजींचं टिपण मी पोथीत लपवून ठेवलं. हे फक्त माझ्या पत्नीला माहीत होतं, ती आता नाही.*

*नातीने स्वतः मुलगा पसंत केला आहे. मुलाच्या आईने पत्रिका मागितली. चोवीस गुण जमतात, मंगळ नाही, असं त्यांच्या गुरुजींनी सांगितलं. मागच्या रविवारी नातीला तिच्या आईच्या फायलीत दवाखान्याचं कार्ड सापडलं. तिने मोबाइलवर ती वेळ घालून पाहिली आणि मला विचारलं, "आजोबा, पत्रिकेत सव्वानऊ कुठून आले?" मी म्हटलं, "घड्याळ पुढे असेल." ती पुढे काही बोलली नाही. येत्या रविवारी येणार आहे. खरं सांगितलं तर तिचा विश्वास जाईल, कदाचित लग्नही मोडेल. नाही सांगितलं तर तिच्या मंगळाचं पाप माझ्या डोक्यावर. काय करू?*

नमस्कार काका,

नातीने जो प्रश्न विचारला, तो पुन्हा एकदा नीट ऐका. "वेळ चुकली का?" असं तिने विचारलेलं नाही. "सव्वानऊ कुठून आले?" असं विचारलंय. तिच्या हातात दवाखान्याचं कार्ड होतं, मोबाइलवर दोन्ही कुंडल्या होत्या, आणि एका कुंडलीत मंगळ आहे, दुसरीत नाही, हे तिला दिसत होतं. घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे असेल यावर तिचा विश्वास बसला असता, तर ती हसून दुसऱ्या विषयाकडे वळली असती. ती गप्प झाली. मला वाटतं, तिला निम्मं कळलंय. उरलेलं निम्मं तुमच्या तोंडून ऐकायला ती रविवारी येते आहे. त्यामुळे सांगावं की न सांगावं, ही निवड आता तुमच्याकडे उरलेली नाही. कसं सांगायचं आणि आधी काय सांगायचं, एवढंच तुमच्या हातात आहे.

ते ठरवण्याआधी त्या पंचवीस मिनिटांनी नेमकं काय बदललं, ते पाहू. मी भविष्य सांगत नाही. पण माझे वडील पत्रिका मांडायचे. पाटावर पंचांग आणि लग्नसारणी उघडी असायची, आणि शाळकरी वयात बेरजा-वजाबाक्या करून द्यायचं काम माझं होतं. तुम्ही कळवलेली तारीख इथे छापत नाही, पण ती घेऊन गणित केलं.

लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. दिवसभरात बाराही राशी उगवतात, म्हणून एकेक रास साधारण दोन तास क्षितिजावर असते. त्या रात्री ठाण्यात सिंह रास सात वाजून गेल्यावर उगवायला लागली आणि नऊ वाजून दहा-अकरा मिनिटांनी संपली. त्यानंतर कन्या सुरू झाली. मंगळ कुंभेत होता, आणि तोही साधारण मध्यावर, म्हणजे आजूबाजूचे कित्येक दिवस तो तिथून हलणार नव्हता. सिंहेपासून मोजलं तर कुंभ सातवी. कन्येपासून मोजलं तर सहावी. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात मंगळ असेल तर आपल्याकडे "मंगळ आहे" म्हणतात. सहावं स्थान त्यात नाही. गुरुजींनी तुम्हाला सांगितलं ते बरोबर होतं, आणि सव्वानऊ ही वेळ तुम्ही अगदी बेताची निवडलीत. सीमारेषेच्या पुढे चार-पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

आता त्या पंचवीस मिनिटांनी काय बदललं नाही, ते बघा. तुमच्या घरात कुणालाच हे ठाऊक नसावं असं वाटतं. चंद्र एका दिवसात सव्वातेरा अंशांच्या आसपास सरकतो. पंचवीस मिनिटांत तो पाव अंशसुद्धा सरकत नाही. नातीचा चंद्र आठ पन्नासलाही वृषभेत, रोहिणीत होता आणि सव्वानऊलाही तिथेच. छत्तीस गुणांचं मेलन सगळं चंद्राच्या राशीवर आणि नक्षत्रावर चालतं: वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशीकूट, नाडी. लग्न त्यात येतच नाही. म्हणजे मुलाकडच्या गुरुजींनी जुळवलेले चोवीस गुण खऱ्या वेळेनेही चोवीसच आहेत. महादशेच्या तारखा दोनेक महिन्यांनी इकडे-तिकडे होतील, तेवढंच. तुम्ही अख्खी पत्रिका खोटी केलीत असं ओझं वाहत आला आहात. प्रत्यक्षात तुम्ही बदललेली गोष्ट एकच आहे, ग्रह कुठल्या घरात पडतात ती.

आणि त्या एका गोष्टीतही एक मेख आहे. ज्या शास्त्राच्या भीतीने तुम्ही वेळ बदललीत, ते शास्त्र सिंह लग्नाच्या मंगळाबद्दल काय म्हणतं? सिंह लग्नाला मंगळ चौथ्या आणि नवव्या स्थानाचा स्वामी होतो. एक केंद्र, एक त्रिकोण. अशा ग्रहाला योगकारक म्हणतात, म्हणजे त्या लग्नाचा तो सगळ्यात भला ग्रह. म्हणूनच कर्क आणि सिंह लग्नाला मंगळाचा दोष मानू नये, असं सांगणारे ज्योतिषी पुष्कळ आहेत. त्यातून नातीच्या कुंडलीत त्याच कुंभेत मंगळाच्या जोडीला गुरू बसलेला आहे. गुरूची युती हाही मंगळदोषाचा नेहमी सांगितला जाणारा अपवाद. चंद्रापासून मोजाल तर मंगळ दहावा येतो, तिथेही दोष नाही. काका, पहिल्या गुरुजींना तुम्ही आणखी दोन प्रश्न विचारले असते, तर कदाचित दुसऱ्या गुरुजींकडे जायची वेळच आली नसती. पण "सातव्यात मंगळ" एवढं कानावर पडल्यावर तुम्हाला पुढचं काही ऐकू आलं नसणार, आणि ते का, हे तुमच्या पत्रात आहे.

या अपवादांवर मात्र फार भार टाकू नका, असं मी म्हणेन. बारातल्या पाच घरांत मंगळ "दोषी" ठरतो. म्हणजे नुसतं लग्नापासून मोजलं तरी शंभरातल्या चाळीसएक मुलामुलींना मंगळ निघतो. चंद्रापासूनही मोजायचं म्हटलं की आकडा निम्म्याच्या पुढे जातो. सगळ्यांची लग्नं तर व्हायला हवीत, म्हणून मग अपवादांची यादी लांबत जाते. वडिलांकडे येणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलगी पसंत असली की अपवाद सापडायचा. नसली की मंगळ "कडक" व्हायचा. तुमच्या बहिणीच्या पत्रिकेत एकही अपवाद नव्हता का? बहुधा असेल. तो शोधायची कुणाला गरज वाटली नाही.

तुम्ही "पाप" हा शब्द वापरलाय, त्याचं उत्तर सरळ देते. मंगळाने जोडीदाराचं वाईट होतं, असं मी मानत नाही. पुण्यात २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. अतिशय हुशार मुलं आणि बौद्धिकदृष्ट्या मागे असलेली मुलं, अशा दोन गटांच्या कुंडल्या सरमिसळ करून दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरीने शंभरातली सेहेचाळीस बरोबर आली. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तर पन्नास आली असती. ही चाचणी मंगळाची नव्हती, हे खरं. पण माणसाच्या आयुष्यातली एवढी ठळक गोष्ट ज्या कागदावरून ओळखता येत नाही, त्याच कागदावरच्या एका आकड्याने नातीच्या नवऱ्याचं आयुष्य ठरेल अशी भीती तुम्ही बाळगू नये, एवढं मी नक्की म्हणेन.

आणि तुमची श्रद्धा असली तरीही हिशोब तोच राहतो. आकाशातला मंगळ तुम्ही हलवलेला नाही. वेळ काहीही लिहिली तरी तो त्या रात्री कुंभेतच होता, आणि आठ पन्नासला कुंभ जिथे होती तिथेच होती. म्हणजे तुम्ही नातीला मंगळापासून वाचवायला गेला नव्हतात. पत्रिका हातात धरून चहा पिऊन उठून जाणाऱ्या माणसांपासून तिला वाचवायला गेला होतात. तुमच्या घरातून ती माणसं एकदा उठून गेलेली तुम्ही पाहिली होती.

म्हणून रविवारी सुरुवात वेळेपासून करू नका. बहिणीपासून करा.

नातीने तिच्या या आत्याआजीला पाहिलेलं नसेल. फोटो पाहिला असेल फार तर. तिचं नाव काय, ती काय शिकली, काय करायची, कुठलं स्थळ तिला स्वतःला आवडलं होतं, ते परत गेलं तेव्हा घरात कोण काय म्हणालं, तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता आणि काय बोललात किंवा नाही बोललात, हे सांगा. यातलं बरंचसं तुम्ही आजवर कुणाजवळ बोलला नसाल. आवाज दाटून आला तर येऊ द्या, घाई करू नका. नंतर त्या फेब्रुवारीतल्या आठवड्यावर या. "तू आठ दिवसांची होतीस. गुरुजींनी सांगितलं आणि मला ती समोर दिसायला लागली. मी दुसरीकडे गेलो आणि खोटी वेळ सांगितली." एवढी दोन-तीन वाक्यं पुरेत. त्यांना "पण" जोडू नका. "पण तुझ्या भल्यासाठीच केलं" हे तुम्ही म्हणायचं नाही. बहिणीची गोष्ट ऐकल्यावर तिला ते आपोआप कळेल. तुम्ही म्हणालात, तर ते आभार मागितल्यासारखं होईल.

हे बोलणं दोघांचंच असू द्या. मुलगा-सून शेजारच्या खोलीत असतील तर नातीला घेऊन तलावपाळीला जा, एखाद्या बाकावर बसा. आई-बाबांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तिला ठरवू द्या. आईच्या फायलीतलं कार्ड खरं आणि घरातली पत्रिका खोटी, हे आईला कळेल तेव्हा तिलाही वाईट वाटणार आहे. मुलीच्या जन्माची वेळ आईला कुणी न विचारता बदलली गेली. त्यासाठी वेगळी माफी मागावी लागेल, आणि ती नातीच्या मार्फत नको.

ती रागावेल का? रागावेल. मंगळासाठी रागावणार नाही, आजच्या मुली तेवढं मनावर घेत नाहीत. "घड्याळ पुढे असेल" यासाठी रागावेल. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं खोटं ती समजून घेईल. गेल्या रविवारचं समजून घ्यायला तिला वेळ लागेल. ते वेगळं कबूल करा: "परवा विचारलंस तेव्हाही मी खोटं बोललो. घाबरलो." त्यानंतर ती गप्प बसली तर तिला बसू द्या. त्या शांततेत तुम्ही पंचांगाची माहिती द्यायला लागाल, अशी मला भीती आहे.

तसं म्हणायचं कारण आहे. पंचांगात तुम्हाला एक पळवाट सापडू शकते, आणि ती मीच आधी दाखवून बंद करते. महाराष्ट्रात बहुतेक पत्रिका दाते पंचांगासारख्या चित्रापक्षाच्या पंचांगावरून मांडतात. टिळक पंचांग रैवतपक्ष मानतं. राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची, यावर या दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. लग्नाच्या हिशोबात चार अंश म्हणजे पंधरा-सतरा मिनिटं. टिळक पंचांगाने मांडलं तर त्या रात्री कन्या लग्न नऊला पाच-सहा मिनिटं कमी असतानाच लागतं. म्हणजे दवाखान्याचं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे असतं, किंवा नर्सबाईंनी बाळ जरा उशिरा आल्यावर अंदाजाने आधीची वेळ टाकली असती, तर तुमची नात खऱ्या वेळेनेही कन्या लग्नाची ठरली असती. हे गणित खरं आहे, आणि नातीला कुंडलीतला रस असेल तर पुढे कधीतरी तिला जरूर सांगा. तिला फार आवडेल. पण या रविवारी नको. तुम्ही टिळक पंचांग वापरलं नव्हतं. तुम्ही वेळ बदलली होती.

राहता राहिली मुलाची आई. इथे मी थोडी कडक होणार आहे. त्या बाईंनी पत्रिका मागितली, म्हणजे त्यांना ती महत्त्वाची वाटते. तुम्हाला आणि मला ती कशीही वाटो, त्यांचा होकार चुकीच्या कागदावर घेतलेला आहे. आजवर ती चूक तुमची होती. रविवारी नातीला कळल्यानंतर तिने गप्प राहायचं ठरवलं, तर ती तिची होईल, आणि लग्नानंतर कधीतरी सासूच्या हातात ते दवाखान्याचं कार्ड पडलं, तर उत्तर तिला द्यावं लागेल. तेव्हा तुम्ही नसालही. म्हणून नातीने आधी त्या मुलाला सांगावं, आणि दोघांनी मिळून त्याच्या आईला खरी वेळ द्यावी, असं मला वाटतं. त्यांच्यापुढे जाऊन चूक तुमच्या तोंडाने सांगायची तयारी तुम्ही नातीला दाखवा. ती नको म्हणाली तर थांबा.

त्या घरात हे कळल्यावर त्यांचे गुरुजी पुन्हा पत्रिका बघतील. गुण तेवढेच राहतील. मंगळाबद्दल ते वर सांगितलेले अपवाद लावतील, कदाचित मुलालाही मंगळ आहे का ते बघतील, कदाचित मंगळाची शांत सुचवतील. आधी घड्याशी लग्न लावायच्या कुंभविवाहासारखं काही निघालं तर नातीला ते मान्य आहे का, हा प्रश्न सगळ्यात आधी तिला विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारण्याचा मान घरात तुमचा आहे. समजा त्या बाईंनी नकारच दिला. तर त्या मुलाला आईपुढे उभं राहता येतं का, हे नातीला लग्नाआधी कळेल. ते तिला आत्ता कळणं, मुलगी सासरी गेल्यावर कळण्यापेक्षा बरं. तुमच्या बहिणीच्या वेळी घरातलं कुणी असं उभं राहिलं नव्हतं, हे मात्र दोन्ही घरांत बोललं जावं.

अशीच कोडी इतर घरांतही पडतात, म्हणून जुनी पत्रिका हातात आल्यावर वेळ कशी तपासायची ते थोडक्यात सांगते. काका, तुम्हीही हे नातीबरोबर बसून करून बघा. कुंडलीत आधी रवी कुठे आहे ते पाहायचं. सूर्योदयाला जन्म असेल तर रवी पहिल्या घरात येतो, दुपारी बाराच्या सुमारास दहाव्यात, सूर्यास्ताला सातव्यात, मध्यरात्रीच्या सुमारास चौथ्यात. मधल्या वेळी मधली घरं. पत्रिकेत वेळ संध्याकाळची लिहिलीय आणि रवी मात्र बाराव्यात बसलाय, तर वेळ लिहिताना किंवा कुंडली मांडताना काहीतरी चुकलंय, कारण बाराव्यातला रवी सकाळचा असतो. तुमच्या नातीचा रवी मकरेत होता. सिंह लग्नाला तो सहाव्यात येतो, कन्येला पाचव्यात. दिवेलागणीनंतरची वेळ या दोन्हींशी जुळते. म्हणून रवीवरून पंचवीस मिनिटांची चूक पकडता येत नाही, दोन-तीन तासांची येते.

दुसरी खूण इष्टकाळाची. जुन्या धाटणीच्या पत्रिकेत घड्याळाची वेळ नसली, तरी सूर्योदयापासून किती घटी-पळं झाली ते लिहिलेलं असतं. एक घटी म्हणजे चोवीस मिनिटं, एक पळ म्हणजे चोवीस सेकंद. तुमच्या घरातल्या पत्रिकेत पस्तीस घटी आणि दहाच्या आसपास पळं असतील. पस्तीस गुणिले चोवीस म्हणजे आठशे चाळीस मिनिटं, वर पळांची चार. एकूण चौदा तास चार मिनिटं. त्या दिवशी ठाण्यात सूर्य सात वाजून अकरा मिनिटांच्या सुमारास उगवला होता. बेरीज करा, रात्रीचे सव्वानऊ येतात. पोथीत लपवलेल्या टिपणात चौतीस घटी सात पळं असावीत. दोन कागद शेजारी ठेवून नातीला हे गणित करू द्या. तुमची पंचवीस मिनिटं तिला तिथे एक घटी आणि तीन पळं अशी दिसतील.

वेळेचा पुरावा शोधायचा तर महापालिकेच्या जन्मदाखल्याकडे जाऊ नका. त्यावर तारीख आणि ठिकाण असतं, वेळ सहसा नसते. प्रसूतिगृहात एवढी जुनी कागदपत्रं मिळतील याचीही आशा धरू नका. घरातलं दवाखान्याचं कार्ड, डिस्चार्जचा कागद, कुणाच्या डायरीतली नोंद, एवढंच हाती लागतं. माझ्या वडिलांची एक सवय इथे सांगावीशी वाटते. पत्रिकेच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने वेळेचा उगम लिहायचे. "वेळ: आईने सांगितली." "वेळ: दवाखान्याचा कागद, स्वतः पाहिला." "वेळ: अंदाजे, दिवे लागल्यावर." एकदा एक गृहस्थ म्हणाले, "भाऊ, दहा मिनिटं पुढे धरा ना." वडिलांनी धरली नाहीत. पण त्यांना ओरडलेही नाहीत. चहा सांगितला आणि मुलीबद्दल विचारत राहिले. बराच वेळ ते गृहस्थ बोलत होते.

तर काका, रविवारआधी पोथीतलं ते टिपण काढून ठेवा. घरातल्या पत्रिकेवर, रिकाम्या जागी, तुमच्या अक्षरात लिहा: "खरी वेळ रात्री ८:५०, दवाखान्याच्या कार्डावरून. ९:१५ ही वेळ मी सांगितली होती." खाली सही करा आणि तारीख घाला. मग दोन्ही कागद नातीच्या हातात द्या. ते आता तिचे आहेत.

आणि बहिणीची पत्रिका अजून घरात कुठे असेल, तर तीही शोधून ठेवा. नात ती मागेल.